हेपॅरिन थांबवायची घाई नको

वॉर्डातल्या माझ्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींनो, हाताशी असलेल्या वेळात मला एकच गोष्ट सांगायची आहे. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाला हेपॅरिनचा पंप लागतो, त्याच दिवशी वॉरफरिनची गोळीही सुरू होते. तिसऱ्या दिवशी आयएनआर २.१ येतो आणि कुणीतरी म्हणतं, "आला रेंजमध्ये, काढा पंप." काढू नका!

यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं आणि वॉरफरिन त्यातल्या काहींची नवी भर थांबवतं. नगरपालिकेने पाणी बंद केल्यासारखंच हे. पण घरात साठा असतोच ना? सातवा घटक म्हणजे लहानशी बादली. ती लवकर तळाला जाते, म्हणून आयएनआर वर चढतो. प्रोथ्रॉम्बिन मात्र गच्चीवरची टाकी. तिचा निम्मा साठा सरायलाच अडीच-तीन दिवस लागतात, आणि तोवर गुठळी वाढू शकते. तेवढे दिवस नळाची तोटी आवळून धरणारा हात म्हणजे हेपॅरिन. हात सुटला की काही तासांत धार सुरू. म्हणून दोन्ही औषधं किमान पाच दिवस एकत्र चालावीत, आणि आयएनआर २ किंवा वर राहून चोवीस तास उलटावेत. यातली एक अट नव्हे, दोन्ही. पुन्हा सांगते, दोन्ही.

तो हात किती घट्ट आहे, हे आयएनआर सांगत नाही. ते एपीटीटी सांगतो. तो कंट्रोलच्या दीडपट ते अडीचपट हवा, म्हणजे कंट्रोल ३० सेकंद असेल तर ४५ ते ७५. डोस बदलला की सहा तासांनी रक्त घ्या, पण पंप लावलेल्या हातातून नको. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरा. एपीटीटी ३८ आला, तर आधी पंप, नळी आणि सलाइनची सुई बघा. औषध आत जातच नसेल, तर डोस वाढवून काय साधणार? १०० च्या पुढे गेला, तर डॉक्टरांना तेव्हाच कळवा आणि हिरड्या, लघवी, सुई टोचलेल्या जागा तपासा.

घरी जाताना रुग्णाशी नीट बसून बोला. "काका, गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची. कालची राहिली म्हणून आज दोन नाहीत. पालेभाजी बंद करू नका, पण रोज साधारण तेवढीच खा. अंगदुखीची गोळी आम्हाला विचारल्याशिवाय नको. शी काळी झाली, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला, तर थेट दवाखान्यात या." मग काकांनाच हे सगळं परत सांगायला लावा. नुसती मान हलवली म्हणजे समजलं असं नव्हे.

प्लेटलेटविषयी बोलायचं राहतंय. हेपॅरिनच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात त्या निम्म्यावर आल्या, तर हेपॅरिनवरच संशय घ्या आणि डॉक्टरांना लगेच सांगा. त्याचं कारण मोठं आहे, पण माझी वेळ संपली.