बाळ झाल्यावरचं पहिलं मिनिट आणि आमचं कार्ड

आम्ही नर्सिंग शिकणाऱ्या मुली. प्रसूतीच्या खोलीत आमच्यातली एक जण जाड पुठ्ठ्याचं कार्ड हातात धरून मोठ्याने वाचत असते. ते बघून एका आजींनी विचारलंच, "हिला येत नाही का गं, वाचून वाचून करते ती?" त्या कार्डाचीच गोष्ट आज सांगतो.

बाळ बाहेर आलं की आईला एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मांडीत देतात, दहा युनिट. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या वार सुटल्यावर उघड्या पडतात. गर्भाशय घट्ट आवळलं तरच त्या मिटतात, आणि ते आवळायला हे औषध मदत करतं. गर्भाशय सैल राहिलं तर थोड्या वेळात बाळंतिणीच्या जिवावर बेततं.

हे सगळं आमच्या वहीत होतं. आधी व्याख्या, मग हेतू, साहित्य, कृती, आणि शेवटच्या पानावर 'घ्यायची काळजी'. आम्ही वहीवरून पहिलं कार्ड केलं ते जसंच्या तसं, फक्त अक्षर मोठं. मग बाहुलीवर सराव केला. बाळ आलं, त्याला पुसलं, आईच्या पोटावर ठेवलं. कार्ड म्हणालं, इंजेक्शन द्या. औषध कुठे? फ्रिजमध्ये. आमच्याकडची अँप्यूल पाच युनिटची, म्हणजे दोन फोडायच्या. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं उलटून गेलेली.

दुसरी चूक मॅडमनी दाखवली. पोटात दुसरं बाळ आहे का, हे चाचपून मगच इंजेक्शन द्यायचं असतं, कारण गर्भाशय आवळलं तर आतल्या बाळाचा जीव गुदमरतो. आमच्या वहीत हे वाक्य शेवटच्या पानावर, म्हणून कार्डावरही सगळ्यात खाली. तिथवर वाचेपर्यंत इंजेक्शन देऊन झालेलं असणार.

तेव्हा कळलं की व्याख्यान समजावण्याच्या क्रमाने लिहिलेलं असतं आणि हात वेगळ्या क्रमाने चालतात. मग आम्ही वही बाजूला ठेवली. एकीने बाहुलीवर काम केलं, दुसरीने प्रत्येक हालचाल लिहून काढली, आणि 'काळजी'मधलं एकेक वाक्य उचलून ज्या कामाआधी ते लागतं त्याच्या वर बसवलं.

नवं कार्ड बाळ यायच्या आधीच सुरू होतं. बाळाचं डोकं दिसू लागलं की औषध फ्रिजमधून काढा, नाव आणि मुदत वाचा, दहा युनिट भरून ट्रेमध्ये ठेवा. इथे एक नवाच धोका निघाला. भरलेली सिरिंज समोर असली की घाईत कुणी ती बाळ यायच्या आधीच देईल, आणि ते आई-बाळ दोघांनाही घातक. म्हणून सिरिंजला चिठ्ठी लावायची, 'बाळ झाल्यावरच'. मग बाळ येतं. पुसा, आईच्या पोटावर ठेवा. आईचं पोट चाचपा, दुसरं बाळ नाही ना? आईला सांगा, इंजेक्शन देतोय. द्या. वेळ लिहा. नाळ एक ते तीन मिनिटांच्या दरम्यान बांधा. वार बाहेर आली की ती पुरी आहे का ते उलटूनपालटून बघा, आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट लागतंय का ते बघा.

एका ओळीत एकच काम ठेवलं. 'तपासून इंजेक्शन द्या' असं लिहिलं की तपासणं हमखास गळतं, हे सरावात दोनदा झालं.

हातमोजे घातलेल्या हाताने कार्ड धरता येत नाही, म्हणून वाचणारी वेगळी. ती ओळ वाचते, करणारी करून "झालं" म्हणते, मगच बरोबरची खूण. पुढेपुढे आम्हीही आळशी झालो, सगळं आटोपल्यावर एकदम खुणा करू लागलो. एकाच पेनाने, एकाच झटक्यात, सरळ रेषेत केलेल्या खुणा मॅडमना लांबूनच ओळखू येतात. इंजेक्शनच्या वेळेची जागाही मग रिकामीच सापडते.

कार्डाने सगळं होत नाही. वार अर्ध्या तासात आली नाही, किंवा रक्त थांबत नसलं, तर आमच्या कार्डावर एकच ओळ आहे: डॉक्टरांना बोलवा, आईला एकटं सोडू नका. पुढचं काम शिकाऊ मुलीने कार्ड वाचून करायचं नाही. आणि पोट चाचपताना हाताला काय लागलं पाहिजे, हे तर कार्ड सांगूच शकत नाही. ते मॅडमनी आमचा हात धरून शिकवलं.

त्या आजींना आम्ही एवढंच सांगितलं, "आजी, येतं आम्हाला. पण त्या मिनिटाला तुमचं नातवंड रडत असतं, आणि आमचंही लक्ष तिकडेच जातं."