बरोबरीत सुटलेली नव्हे, वाचवलेली कसोटी

घरातली पोरं कसोटी सामना बघतात, चार दिवस खेळ होतो आणि शेवटी ‘अनिर्णित’ म्हणतात. मग एवढं खेळून मिळवलं काय, असं आपल्याला वाटतं. आज आम्ही तेच एका सामन्यावरून सांगणार आहोत.

जून 2021 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं आपल्या मुलींची चार दिवसांची कसोटी झाली. कसोटीत प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. जिंकायचं तर जास्त धावा पुरत नाहीत, समोरच्या संघाचे दोन्ही डाव वेळेत संपवावे लागतात. म्हणून इंग्लंडनं 9 बाद 396 वर, एक गडी शिल्लक असतानाच, डाव घोषित केला. म्हणजे आपली फलंदाजी आपणच थांबवली. आणखी धावांपेक्षा गडी बाद करायला वेळ मिळणं त्यांना मोलाचं वाटलं.

आपल्याकडून सांगलीची स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी 167 धावांची सलामी दिली. स्मृतीनं 78 केल्या, शफालीनं 96. पण नंतर डाव कोसळला आणि सगळा संघ 231 वर बाद झाला. आपण 165 धावांनी मागे पडलो.

इथं फॉलोऑनचा नियम आला. चार दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात 150 किंवा जास्त धावांनी मागे राहिलेल्या संघाला समोरची कर्णधार लगेच पुन्हा फलंदाजी करायला लावू शकते. पाच दिवसांच्या कसोटीत हा आकडा 200 असतो. लावायचा की नाही, हे तिच्या मर्जीवर. लावला तर वेळ वाचतो, पण तिच्याच गोलंदाजांना विश्रांती न घेता पुन्हा राबावं लागतं. आपल्याला 247 झाल्या असत्या तर फॉलोऑन टळला असता. 16 धावा कमी पडल्या. इंग्लंडनं तो लावला.

शेवटच्या दिवशी दुसऱ्या डावात आपले 240 वर 8 गडी गेले. आघाडी फक्त 75 धावांची. उरलेल्या दोन जणी तेव्हाच बाद झाल्या असत्या, तर इंग्लंडला जिंकायला 76 धावा पुरल्या असत्या. पण स्नेह राणा आणि तानिया भाटिया ठाण मांडून उभ्या राहिल्या. इथं धाव दोन कामं करत होती. आघाडी वाढली की इंग्लंडपुढचं लक्ष्य वाढे, आणि ते गाठायला लागणारा वेळही उरत नसे. दोघींनी न बाद होता 104 जोडल्या. राणा 80, भाटिया 44. धावसंख्या 8 बाद 344 झाली आणि सामना तिथंच संपला.

कागदावर दोघींचं सारखंच, अनिर्णित. पण इंग्लंडच्या हातातला विजय निसटला होता आणि आपला पराभव टळला होता. पुढच्या वेळी कसोटी लागली की धावफलकावर तीन गोष्टी बघा: किती गडी उरलेत, किती धावांची आघाडी किंवा पिछाडी आहे, आणि किती षटकं बाकी आहेत. त्यावरून कळतं, कोण जिंकायला खेळतंय आणि कोण सामना वाचवायला.