अक्षर वाढले, चौकट अडली

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ‘अर्जातील दुरुस्ती पूर्ण करून पुढे पाठवा’ असे बटण आहे, असे समजावे. अक्षर 16 पिक्सेलचे, ओळ 24 ची आणि बटणाची उंची 40 अशी कायम बांधलेली. मंददृष्टीचा वाचक अक्षर दुप्पट करतो. ओळ 48 ची होते. 320 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मजकूर दोन ओळींत मोडतो आणि त्यास 96 ची उंची लागते. मग तो खालच्या मजकुरावर चढतो, अथवा बाहेरचा भाग झाकला जात असल्यास वेलांट्या व उकार छाटले जातात.

उपाय साधा आहे: `height: 40px` च्या जागी `min-height: 40px` लिहावे, म्हणजे चौकट अक्षराबरोबर वाढते.

हीच परीक्षा गडद पार्श्वभूमीवरही घ्यावी. अक्षराचा काळा रंग कायम ठरविलेला असल्यास तेथे मोठे अक्षरही दिसेनासे होते.