उशाजवळची प्रार्थना

नात्यातलं कुणी दवाखान्यात असलं की आपण मोबाईलवर प्रार्थनेचा व्हिडिओ पाठवतो. तो आपल्या गटानेच केला, तर कसा करावा?

चित्र पंचवटीचं घ्यायचं तर पहाटेची गोदामाई घ्या, संथ पाणी दाखवा. पण रामकुंडाची चौकट जपून निवडा. तिथे अस्थिविसर्जन होतं. तेच दृश्य आजारी माणसाच्या डोळ्यांपुढे आलं, तर त्याच्या काळजात धस्स होईल. घंटा आणि शंखही नकोत. एकदम आवाज झाला की झोपलेलं माणूस दचकतं.

शब्दांचं म्हणाल, तर "देव तुला बरं करील" असं म्हणू नका. गुण आला नाही, तर माझी भक्तीच कमी पडली, असं त्या जिवाला वाटतं. त्याऐवजी म्हणा, "ही रात्र शांत जावो. दुखणं सोसायला बळ मिळो. उशाशी बसलेल्या माणसालाही घटकाभर विसावा मिळो." रात्र रात्र जागणाऱ्या सुनेचं, लेकीचं नाव प्रार्थनेत क्वचितच येतं.

तीन-चार मिनिटं पुरेत. संथ बोला, मागे वाद्य नको. लावण्याआधी रोग्याला विचारा. नको म्हणाला तर राहू द्या. आवाज इतकाच ठेवा, की शेजारच्या खाटेवर तो जाणार नाही. व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे मध्येच जाहिरात ओरडणार नाही.

आणि औषधाची वेळ झाली की व्हिडिओ थांबवा, आधी गोळी द्या.