भांडी धुण्याच्या यंत्राची चार बटनं

मागल्या वेळी आम्ही मसाल्याच्या चक्कीबद्दल बोललो होतो, तेव्हा एका ताईंनी विचारलं होतं की तुमच्या गटानं भांडी धुण्याचं यंत्र घेतलं म्हणे, ते खरं का आणि परवडते का? खरं आहे. आज त्याचंच सांगतो.

आमचा गट धामणगाव रेल्वेत डबे पुरवतो. शिकणारी मुलं आहेत, कापसाच्या हंगामात जिनिंगवर येणारे कामगार आहेत. जेवायला बसणारेही पंधरा-वीस असतात. ताटं, वाट्या, पेले, गंज, कढया, हे सगळं गटातल्याच एक काकू घासत आणि त्याची मजुरी घेत. दोन हिवाळे त्यांच्या हाताच्या भेगा काही मिटल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, साबणाचं पाणी बंद करा. काकू म्हणाल्या, "मंग मजुरी कोन देईन मले?" त्याच सुमारास ओळखीचं एक कुटुंब नागपूरला राहायला जात होतं. त्यांच्याकडचं जुनं यंत्र आम्ही कमी पैशात घेतलं. यंत्र लावणं, भरणं, काढणं काकूंकडे आणि मजुरी तीच, असं बैठकीत ठरलं. पण हे परवडायचं तर बिल आटोक्यात पाहिजे. भांडण सुरू झालं ते इथूनच.

यंत्रावर चार बटनं. इको, इंटेन्सिव्ह, क्विक आणि ऑटो. इको दाबलं की आकडा दिसे साडेतीन तास. क्विकला अर्धा तास. आमच्या अर्ध्या बायकांचं म्हणणं, साडेतीन तास फिरणारं यंत्र वीज खाणार नाही तर काय? म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही क्विकच वापरलं. भांडी वरून चकचकीत, पण वाटीत बोट फिरवलं की तळाशी खरखर लागे, आणि तर्रीच्या भगोन्यावर हात सटकत असे.

शेवटी आम्ही मोजायचं ठरवलं. यंत्रातलं सांडपाणी ज्या नळीनं बाहेर जाते ती नळी मोरीतून काढून बादलीत सोडली. तुम्ही करणार असाल तर एक ध्यानात ठेवा, नळीचं टोक गुडघ्याच्या वर बांधूनच ठेवायचं. खाली जमिनीवर सोडलं तर यंत्रातलं पाणी आपोआप ओढून बाहेर पडते आणि मोजमाप चुकते. पाणी कढत असते, तेव्हा लेकरं दूर ठेवा. विजेसाठी घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि मीटरवरचा आकडा आधी आणि नंतर लिहिला. सारखीच भांडी, सारखाच खरकटेपणा, चार दिवस चार बटनं.

इकोला पाणी लागलं दहा लिटरच्या आसपास आणि वीज एक युनिटपेक्षा थोडी कमी. इंटेन्सिव्हला वेळ सव्वादोन तास, पाणी सोळा लिटर, वीज दीड युनिट. क्विकला अर्धा तास, पाणी इकोएवढंच आणि वीज पाऊण युनिटजवळ. म्हणजे ज्या बटनाला आम्ही कंजूष समजत होतो त्यानं इकोपेक्षा फारसं काही वाचवलं नव्हतं, आणि भांडीही नीट निघाली नव्हती. इंटेन्सिव्ह वेळेनं इकोपेक्षा लहान, पण बिलानं सगळ्यात मोठं. तुमचं यंत्र वेगळं असलं तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण इको आणि इंटेन्सिव्हमधला हा फरक तुम्हालाही दिसेल.

असं का होते? आमच्यातल्या एका वहिनीच्या मुलीनं पाटीवर हिशेब मांडून दाखवला, तो आम्हाला पटला. वीज जाते ती फिरण्यात नाही, पाणी तापवण्यात. यंत्रातला पंप चाळीस-पन्नास वॅटचा, जुन्या पिवळ्या बल्बएवढा. साडेतीन तास तो चालला तरी पंधरा-सतरा शतांश युनिट. पाणी तापवणारा हीटर मात्र दोन हजार वॅटचा. तो पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट गेलं. यंत्र एका वेळी साधारण चारच लिटर पाणी घेते आणि तेच पुन्हापुन्हा भांड्यांवर फवारते. इको ते पाणी पन्नास अंशांपर्यंत नेते, इंटेन्सिव्ह सत्तरपर्यंत. नळाचं पाणी पंचवीस अंश धरलं तर इकोला पंचवीस अंश चढायचे, इंटेन्सिव्हला पंचेचाळीस, म्हणजे जवळपास दुप्पट. शिवाय पाण्याबरोबर आत बसलेलं सगळं स्टीलही तापवावं लागते. आपला हिवाळा-उन्हाळाही यात येतो बरं का. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चाळीस अंशांवर असते, तेव्हा इकोला दहाच अंश चढायचे राहतात. डिसेंबरात तेच पाणी वीस अंशांवर. एकाच बटनाचं बिल ऋतूप्रमाणे बदलते ते यामुळे.

मग कमी तापलेल्या पाण्यानं इकोत भांडी निघतात कशी? उत्तर वेळ. १९५९ साली जर्मनीत हर्बर्ट झिन्नर नावाच्या रसायनतज्ज्ञानं धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं. उष्णता, वेळ, साबण-सोडा आणि घासण्याचा जोर. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. हे तर आपण रोज करतो. करपलेल्या गंजात पाणी घालून रात्रभर ठेवतो, तेव्हा उष्णता आणि जोर वाचवून वेळ वाढवत असतो. इको म्हणजे तेच भिजत घालणं. यंत्राच्या पावडरीत भाताचा-पोळीचा पिठूळपणा तोडणारी आणि वरणाचा चिकटा सोडवणारी पाचक द्रव्यं असतात, एन्झाइम म्हणतात त्यांना. ती पन्नास अंशांच्या आसपास चांगली काम करतात, पण त्यांना वेळ लागतो. क्विकमध्ये तो मिळत नाही. आमच्या वाटीतली खरखर ती हीच होती, वाळलेल्या भाताच्या पेजेचा पातळ थर. खात्री करायची असली तर जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब वाटीत टाका. पिठूळपणा राहिला असेल तर थेंब निळा-काळा होतो. आम्ही क्विकच्या आणि इकोच्या वाट्या शेजारी ठेवून टाकला. क्विकची वाटी काळवंडली, इकोचीवर थेंब पिवळट तपकिरीच राहिला. वाट्या मग परत धुऊन घेतल्या, हे सांगायला नको.

तेलकटपणाचं निराळं. डालडा साधारण ३१ ते ४१ अंशांत वितळतो. पस्तीस-चाळीस अंशांचं क्विक असलं की तो अर्धामुर्धा सुटतो आणि पाणी थंड होताना दुसऱ्या भांड्यावर जाऊन बसतो. आधी फक्त एक पेला ओशट निघे, मग सगळेच. म्हणून चहाचे कप, पाण्याचे पेले, नुकतीच वापरलेली कोरडी ताटं, एवढ्यासाठीच क्विक. त्यात बहुधा भांडी वाळतही नाहीत. इको-इंटेन्सिव्हमध्ये शेवटच्या गरम खळबळीनं भांडी तापतात आणि स्वतःच्या उष्णतेनं वाळतात. क्विक झाल्यावर दार उघडं टाकून ठेवावं लागते. वडीची गोळी वापरत असाल तर डबीत तिचा तुकडा उरला का तेही पाहा. उरला तर वेळ पुरली नाही असं समजा.

इंटेन्सिव्ह कशासाठी? करपलेली कढई, आटवलेल्या दुधाचं पातेलं, पाटवडीच्या तळणाचं भांडं. एका कंपनीनं आपल्याकडे या बटनाला कढईचंच नाव देऊन टाकलं आहे. पण लोखंडी कढई यात टाकू नका, गंजेल. ॲल्युमिनियमचं भगोनं काळं पडते, पितळेचं रूप जाते. ती भांडी हातानंच घासावीत. आणि इंटेन्सिव्ह एकाच करपलेल्या भांड्यासाठी लावणं म्हणजे एका पाहुण्यासाठी पंगत मांडणं. ते भांडं संध्याकाळपर्यंत भिजत ठेवा आणि इकोत टाका.

आता ऑटो. याची गंमत काकूंनी शोधली. ऑटोमध्ये यंत्र सांडपाण्यातून उजेड पाठवून पाहते. हळद, डाळ, तेल यांनी पाणी गढूळ असलं तर उजेड अडतो, मग यंत्र पाणी बदलते, तापमान वाढवते, वेळ वाढवते. पाणी स्वच्छ असलं तर तेच पाणी पुढं वापरते. आमच्या मोजमापात एका दिवशी नऊ लिटर लागलं, दुसऱ्या दिवशी चौदा. मधेच पडद्यावरचा वेळ उडी मारतो, त्याला बिघाड समजू नका.

झालं असं की काकू सवयीनं सगळी भांडी आधी नळाखाली खंगाळून मगच यंत्रात लावत. ताटं आधीच साफ, फक्त दोन गंजांना बुडाशी भाजी करपून चिकटलेली. करपलेलं काही पहिल्या पाण्यात सुटत नाही, म्हणून पाणी नितळ. यंत्राला वाटलं, आज काम हलकं आहे. लवकर आटोपलं आणि गंज जसेच्या तसे निघाले. दोन-तीनदा असं झालं तेव्हा काकू म्हणाल्या, "वो बाई, हे यंत्र भांडं पाहत नाही, पानी पाहते. आपणच त्याले फसवतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं उष्टं झाडून भांडी तशीच पिवळी-तेलकट लावली. वेळ अर्धा तास वाढला, गंज बराच निघाला. खंगाळायचं आठ-दहा लिटर पाणी वाचलं ते वेगळं, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही.

दुसरी चूक आमचीच. एकदा घासणीच्या साबणाचे डाग राहिलेली भांडी आत गेली. आत फेसच फेस झाला. फेस झाला की पंपाला पाणी नीट उचलता येत नाही आणि यंत्र अडकते. आम्ही बंद करून, फेस बसू देऊन, पाणी काढून पुन्हा चालवलं.

आता आमच्याकडे असं चालते. रात्री जेवणं झाली की इको लावून झोपतो. मधे वीज गेली तर आली की ते पुढून सुरू होते, पण बराच वेळ गेली असेल तर पाणी गार झालेलं असते, तेव्हा सकाळी एक-दोन वाट्या बोट फिरवून पाहतो. पंगतीनंतर, भांडी मिसळीची असली की ऑटो. इंटेन्सिव्ह आठवड्यातून एकदा. युनिटला दहा रुपये धरले तर रोज इंटेन्सिव्हऐवजी इको लावल्यानं महिन्याला पावणेदोनशे रुपये वाचतात. ते काकूंच्या मजुरीत टाकायचं बैठकीत ठरलं आहे. काकूंच्या हाताच्या भेगा यंदाच्या हिवाळ्यात कमी आहेत. लोखंडी कढई अजून त्याच घासतात, हातमोजे घालून.