लांबून जवळ



यवतमाळला अध्यक्षीय भाषणांची सवय आहे. १९७३ साली गदिमा इथल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे होत्या. त्यांच्यापुढे माझा विषय फार लहान आहे. रविवारी भक्ती सुरू होण्याआधी आठवड्याच्या सूचना वाचायच्या असतात, त्या कशा वाचाव्यात एवढंच मला बोलायचं आहे. १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी या शहरात होती, त्यानंतर ती पुण्याला गेली. उपदेश कसा करावा हे या गावात पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. सूचनांचा कागद मात्र ज्याच्या हातात सापडेल त्याने वाचावा, अशीच आपली रीत राहिली.

एक रविवार डोळ्यांसमोर आणू. डिसेंबरची १४ तारीख. कापसाची वेचणी चालू असल्यामुळे खेड्यावरची माणसं उशिरा येणार हे धरूनच चाला. भक्तीला पाव तास उरला आहे आणि तुमच्या हातात नऊ चिठ्ठ्या आहेत. बुधवारी संध्याकाळी सात वाजता घरप्रार्थना. 'गुरुवार, दि. १७' रोजी दुपारी दोनला महिला मंडळ. भक्तीनंतर लगेच कमिटीची बैठक. आज दुपारी साडेतीनला गायनवृंदाचा सराव. शनिवारी रविवार शाळेच्या मुलांची नाताळच्या नाटिकेची तालीम. घरोघर गाणी गात फिरणाऱ्या टोळीसाठी २१ तारखेपर्यंत नावं द्यायची आहेत. एका लग्नाची सूचना, दुसरी वेळ. एका बहिणीचं उद्या ऑपरेशन आहे. आणि शेवटची चिठ्ठी सकाळीच आलेली: मंडळीतले एक वृद्ध सभासद रात्री वारले, दफनविधी आज दुपारी साडेतीनला.

बहुतेक ठिकाणी या चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने वाचल्या जातात. थोडा विचार करणारा वाचक आजचं आधी, मग बुधवार, मग गुरुवार असा तारखेचा क्रम लावतो. तो क्रम कागदावर शहाणा दिसतो, पण कानाला उपयोगी पडत नाही. माझं म्हणणं उलट आहे. सूचना लांबून जवळ यावी. जिला पुन्हा ऐकवण्याच्या संधी जास्त ती आधी, आणि जिला आज हीच एक संधी आहे ती शेवटी.

याची कारणं साधी आहेत. भक्तीआधीच्या सूचना ऐकायला पहिल्या मिनिटाला निम्मे बाक रिकामे असतात आणि शेवटच्या मिनिटाला भरलेले असतात. म्हणजे जे पहिल्यांदा वाचलं जातं ते सर्वांत कमी लोक ऐकतात. शिवाय एकामागून एक ऐकलेल्या गोष्टींतली शेवटची लगेच जास्त सहज आठवते. आणि आपल्या बाबतीत शेवटच्या सूचनेनंतर लगेच प्रार्थना असते, ती शांतता त्या सूचनेला फुकट मिळते.

आता त्या नऊ चिठ्ठ्या लावून बघू. पण लावण्याआधी दोन कामं आहेत. पहिलं, प्रत्येक चिठ्ठीतला वार आणि तारीख कॅलेंडरवर ताडून पाहायची. १४ ला रविवार असेल तर गुरुवार १८ ला येतो, १७ ला बुधवार. महिला मंडळाच्या चिठ्ठीत वार चुकला की तारीख, हे वाचकाने ठरवायचं नाही. ज्या बाईंनी ती लिहिली त्यांच्याकडे जाऊन विचारायचं. त्यांनी बुधवार म्हटलं असतं तर त्याच दिवशी दुपारी महिला मंडळ आणि संध्याकाळी घरप्रार्थना आली असती. आपण धरू की त्यांनी गुरुवार, १८ असं सांगितलं. दुसरं काम, सगळ्या वेळा एका कागदावर ओळीने मांडून टक्कर शोधायची. दफनविधी साडेतीनला, गायनवृंदाचा सरावही साडेतीनला. बरं, दफनविधीला गाणार कोण? तोच गायनवृंद. ही टक्कर माइकसमोर उभं राहिल्यावर कळली, तर वाचक तिथेच पाळकांकडे वळून कुजबुजायला लागतो आणि त्या दोन मिनिटांत आधी वाचलेलं सगळं पुसलं जातं.

टक्कर सापडली म्हणून ती जाहीर करायलाच हवी असंही नाही. गायनवृंद दहाबारा जणांचा आणि पुढच्याच बाकांवर बसलेला. त्यांना जाऊन सांगा: सराव नाही, तीनला कबरस्तानात या. कमिटीचे लोकही मोजकेच, त्यांनाही हातोहात सांगा. जे माणसाला माणूस सांगू शकतो ते माइकवर आणू नये. नवातल्या दोन चिठ्ठ्या अशा गळाल्या, सात उरल्या.

पहिली वाचायची ती लग्नाची. याने काही जण दचकतील, कारण लग्नाची सूचना म्हणजे मानाची सूचना. पण तिच्या संधी मोजा. जिथे तीन रविवार ती वाचायची जुनी रीत पाळली जाते, तिथे पुढच्या रविवारी ती पुन्हा येणार आहे. शिवाय १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार चर्चमध्ये व्हायच्या लग्नाची नोटीस पाळकाला चर्चमध्ये ठळक जागी लावावी लागते. म्हणजे उशिरा आलेल्याला फळा आहे आणि पुढचा रविवारही आहे. ही एकच सूचना अशी आहे जिचे शब्द वाचकाने बदलायचे नाहीत. वर आणि वधू यांची पूर्ण नावं, वडिलांची नावं, गावं, कितवी वेळ आणि हरकत असल्यास कोणाला कळवायची, हे तिन्ही वेळा शब्दशः सारखं असावं. नावं आडनावासकट सावकाश वाचावीत, कारण हरकत घेणारा माणूस नावावरूनच ओळखणार. ती आधी आल्याने आणखी एक गोष्ट साधते. लग्न आणि मयत यांच्यामध्ये पाच सूचनांचं अंतर पडतं.

मग टोळीची नावं. २१ ला पुन्हा रविवार आहे, म्हणजे अजून एक संधी. मग शनिवारची तालीम, मग गुरुवारचं महिला मंडळ, मग बुधवारची घरप्रार्थना. मग ऑपरेशन. आणि शेवटी, थोडं थांबून, दफनविधी. तिथून थेट प्रार्थना.

आता वाक्याबद्दल. चिठ्ठ्या बहुतेक अशा लिहिलेल्या असतात: 'सर्व भगिनींना कळविण्यात येते की सदर सभा अमुक यांच्या निवासस्थानी गुरुवार रोजी आयोजित करण्यात आलेली असून सर्वांनी उपस्थित राहावे.' हे कागदासाठी ठीक आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र बाकावर बसलेल्या आजीच्या घरी वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजारा किंवा वणीकडे तेलुगूही बोलली जात असेल. 'आयोजित करण्यात आलेली असून' यातून तिने वार कुठून शोधायचा? आधी कोणासाठी ते सांगा म्हणजे ज्याचं काम त्याचा कान जागा होतो. मग वार, तारीख, वेळ. मग जागा. मग काय आणायचं ते. 'महिला मंडळाच्या बहिणींनो, गुरुवारी, १८ तारखेला, दुपारी दोन वाजता, अमुक बाईंच्या घरी. गीतांचं पुस्तक आणा.' आणि थांबा. फक्त वार आणि वेळ पुन्हा एकदा म्हणा: 'गुरुवारी दोन वाजता.' संपूर्ण सूचना दोनदा वाचली की लोक दोन्ही वेळा अर्धीच ऐकतात. आकाशवाणीच्या बातम्यांत शेवटी ठळक बातम्याच पुन्हा येतात, सगळ्या बातम्या येत नाहीत.

मराठीत वाचणाऱ्याला एक धोका सगळ्यांत मोठा आहे, आणि मी तो अनेक गावांत पाहिला आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि आपला आवाजही नेमका शेवटीच पडतो. 'या बुधवारी संध्याकाळी सात वाजताची घरप्रार्थना होणार नाही.' वर पंखा फिरतो आहे, टिनाखाली आवाज घुमतो आहे, मागच्या बाकाला 'होणार' ऐकू येतं आणि 'नाही' खाली पडतं. बुधवारी चार माणसं बंद दारासमोर उभी. म्हणून रद्द झालेली गोष्ट 'रद्द' या शब्दानेच सुरू करा: 'रद्द झाली आहे बुधवारची प्रार्थना.' व्याकरणाचे शिक्षक नाक मुरडतील, मुरडू द्या. 'पुढच्या रविवारी' हेही टाळा. रविवारीच बोलत असताना तो सात दिवसांनी की चौदा, यावर घरोघर वाद होतो. तारीख सांगा.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणायला सांगितलं आहे. वस्तू कोणती, गाव कोणतं, कोणाजवळ ठेवली, सगळं आहे. यापेक्षा चांगली सूचना मी वाचलेली नाही. फक्त झगा चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनात आहे आणि हिवाळ्याआधी ये हे सांगणं एकविसाव्यात. एका कामाची वस्तू आणि मुदत आठ वचनं लांब पडली. पत्र परत वाचता येतं म्हणून निभावतं. सूचना परत वाचता येत नाही.

सुराबद्दल थोडंच. गेल्या वेळी फक्त पाच जण आले होते, हे टोमणे सूचनेत आणू नका. जे आले होते तेच ते ऐकत बसलेले असतात. आजाऱ्याचा आजार सांगताना घरच्यांनी परवानगी दिली तेवढंच सांगा, ऑपरेशन कशाचं हे सहसा सांगायची गरज नसते. मयताच्या सूचनेत आवाज कापरा करायचा नाही, सावकाश मात्र करायचा. नाव, मग एक श्वास, मग दफनविधीची जागा, मग वेळ. इतर सूचनांमध्ये एका श्वासाचं अंतर पुरतं, या सूचनेआधी तीन श्वास थांबा. त्या तीन श्वासांत कागदाकडे बघत राहिलात तर लोकांना वाटतं ओळ सापडत नाही, म्हणून मान वर ठेवा.

विसरणं टाळायला वही हवी. शनिवारी संध्याकाळपर्यंत आलेली प्रत्येक चिठ्ठी वहीत स्वतःच्या अक्षरात उतरायची, समोर देणाऱ्याचं नाव. सकाळी आलेली चिठ्ठीही तशीच उतरायची, ती चिठ्ठी म्हणून वाचायची नाही, कारण दुसऱ्याच्या अक्षरात 'दोन' आणि 'तीन' यांची गफलत फार लवकर होते. वाचून झाली की खूण. लग्नाच्या सूचनेसमोर तीन खुणांसाठी तीन चौकोन आधीच आखून ठेवायचे. मधला चौकोन रिकामा राहिला तर ते दुसऱ्या कोणाच्या नाही, तर दोन घरांच्या तारखेच्या मुळावर येतं. आणि शेवटच्या आशीर्वादानंतर, लोक उठायच्या आधी, एकच ओळ: आज दुपारी साडेतीन, कबरस्तान. बाकी काही नाही.

जेवणानंतरच्या सत्रासाठी प्रत्येकाने आपल्या मंडळीच्या गेल्या रविवारच्या चिठ्ठ्या आणल्या आहेत, असं संयोजकांनी मला सांगितलं. त्या शेजारच्याला द्या. त्याने त्या लावायच्या, वार ताडायचे आणि इथे येऊन वाचायच्या. तुम्ही सर्वांत मागच्या रांगेत, पंख्याखाली बसायचं आणि जे ऐकू आलं तेवढंच लिहून घ्यायचं.