एकतीस मार्च आणि बुडालेले पीक



शहरात ३१ मार्च म्हणजे हिशेबाची वही मिटण्याचा दिवस. खेड्यात त्याच दिवशी पीककर्जाची मुदत संपते, आणि तिथल्या सोसायटीच्या ओट्यावर त्या सुमारास जी धावपळ चालते, तिच्यातच सावकार आपली जागा कशी करतो, ते आज आम्हांला सांगावयाचे आहे. शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून सावकाराकडे जातो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पुष्कळदा तो जातो तो बँकेचे कर्ज वेळेवर फेडण्यासाठी! हे ऐकावयास चमत्कारिक वाटेल, पण आहे खरे.

खरिपाचे कर्ज गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत जिल्हा बँक देते. दर एकरी किती द्यावयाचे हे पिकावर ठरते. ऊस, सोयाबीन, ज्वारी यांचे दर निरनिराळे. पेरणीच्या तोंडावर ते उचलायचे आणि माल विकून पुढच्या मार्चअखेर फेडायचे. वेळेवर फेडणाऱ्याला केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळते, आणि महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचे कर्ज अलीकडच्या वर्षांत जवळजवळ बिनव्याजी पडत आले आहे. मुदत चुकली की ही सवलत गेली आणि पुढचे कर्जही अडले.

म्हणून गावोगाव एक रीत पडली आहे. तिला ‘नवे-जुने’ म्हणतात. मार्चअखेरीस हातात पैसा नसतो. मग वीस-पंचवीस दिवसांसाठी कोणाकडून तरी लाख रुपये आणायचे, जुने खाते कोरे करायचे, एप्रिल-मेमध्ये नवे कर्ज उचलायचे आणि त्यातून त्या माणसाचे देणे द्यायचे. तो माणूस शेकडा पाच दराने महिना धरतो, म्हणजे वीस दिवसांचे पाच हजार. कागदोपत्री सारे ठाकठीक दिसते. सोसायटीची वसुली शंभर टक्के, गटसचिव समाधानी. मात्र पेरणीसाठी आलेला पैसा सरळ मधल्या माणसाच्या खिशात गेलेला असतो. पिकाच्या वर्षी हे कसेबसे निभते. पीक बुडाल्यावर मात्र नवे कर्ज लांबते, वीस दिवसांचे सहा महिने होतात, आणि पाच हजारांचे तीस हजार.

एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत, प्रकार मात्र मराठवाड्यात कुठेही सापडेल. पाच एकर कोरडवाहू सोयाबीन, कर्ज एक लाख. बऱ्या वर्षी चाळीस क्विंटल होतात, साडेचार हजारांच्या भावाने एक लाख ऐंशी हजार येतात. यंदा काढणीच्या वेळी पाऊस कोसळला. पंधरा क्विंटल हाती आले, तेही काळवंडलेले. सत्तावन्न हजार मिळाले. काढणी-मळणीचे वीस गेले. उरले सदतीस हजार, त्यात घर चालवायचे आणि वर बँकेचे लाख! विम्याची रक्कम पीक कापणी प्रयोगांचे आकडे लागल्यावर ठरते, ती मार्चपूर्वी येईलच असा भरवसा नाही.

या माणसाला सावकाराच्या दारी जाण्याखेरीज दुसरा रस्ता आहे. जुने लोक त्याला अल्पमुदतीच्या कर्जाचे मध्यम मुदतीत रूपांतर म्हणत. आता पुनर्गठन म्हणतात. रिझर्व बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत त्याची मापे घालून दिलेली होती. नुकसान तेहतीस ते पन्नास टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत मुदत, पन्नास किंवा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. दोन्हींत पहिले वर्ष हप्त्याविना. याला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला दरवाजा सरकारचा. एकट्या माणसाचे शेत बुडून भागत नाही. त्या भागात आपत्ती जाहीर व्हावी लागते. पैसेवारी पन्नासच्या आत आली की नाही, याची चौकशी गावकरी एवढ्या आतुरतेने का करतात ते यावरून कळेल. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा दिलेल्या सवलतींत कर्जाचे पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती या दोन्ही होत्या.

दुसरा दरवाजा स्वतः शेतकऱ्याचा, आणि तो बहुधा आधीच बंद झालेला असतो. त्याच निर्देशांप्रमाणे, आपत्ती आली त्या दिवशी जे खाते थकलेले असेल ते आपल्या हक्काने पुनर्गठनाला पात्र नसते. म्हणजे सप्टेंबरात पाऊस कोसळला तर प्रश्न विचारला जातो तो सहा महिन्यांपूर्वीच्या मार्चचा. कर्जमाफी होईल या आशेने बऱ्या वर्षीही पैसे न भरणाऱ्याला कोणी हे सांगत नाही. २०१७ मध्ये माफी झाली, २०१९ मध्ये झाली, तेव्हा त्याचा तर्क अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण माफीची तारीख त्याच्या हाती नाही आणि ढगांचीही नाही.

दरवाजा उघडा असला तरी आपोआप कोणी आत घेत नाही. शेतकऱ्याने लेखी संमती द्यावी लागते. अर्ज दोन प्रतींत करावा, एकीवर पोच घ्यावी, सोबत सातबारा आणि पीकपाहणीची नोंद जोडावी. सोसायटी कधी ‘नवे-जुनेच करून टाका’ असा सल्ला देते, कारण तिच्या वसुलीचा आकडा त्याने चांगला दिसतो. तो सल्ला नाकारण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे.

आता हिशेब पाहा. व्याज साल दहा टक्के धरले, तर पहिल्या वर्षाचे दहा हजार आणि पुढे पंचवीस हजारांच्या चार हप्त्यांत अनुक्रमे दहा, साडेसात, पाच आणि अडीच हजार. पाच वर्षांचे मिळून व्याज पस्तीस हजार. सावकाराच्या शेकडा पाच दराने एका वर्षातच साठ हजार होतात, आणि मुद्दल जागचे हलत नाही. कायद्याने पाहिले तर २०१४ मध्ये ठरविलेल्या दरांप्रमाणे परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारणावर साल नऊ आणि बिनतारणी बारा टक्क्यांहून अधिक घेता येत नव्हते. शेकडा पाच दरमहा मागणारा त्याच्या बाहेरचाच. तो व्याजाचा कागद करीत नाही. जमिनीचे खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे आले की परत फिरवू’ म्हणतो. असे खत झाले असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, आणि त्याला मर्यादा आहेत. आमच्या शेतकऱ्याने पहिल्या वर्षाचे व्याज तुंबू दिले, तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हप्ता पंचवीस, दोन वर्षांचे व्याज वीस, आणि त्या हंगामाचे नवे पीककर्ज एक लाख, असे एक लाख पंचेचाळीस हजार एकदम द्यावे लागतील. बऱ्या वर्षाचे उत्पन्न एक लाख ऐंशी! म्हणून पुढचे पहिले पीक बरे आले, तर हप्ता नसला तरी व्याजाचे दहा हजार तेव्हाच भरून टाकावेत. उलट, यंदा हाती राहिलेले सदतीस हजार सारेच्या सारे बँकेत ओतू नयेत. तसे करणारा जूनमध्ये बियाणे-खत उधारीवर आणतो, आणि दुकानदार उधारीचा भाव वेगळा लावतो. नवे पीककर्जही पुनर्गठनाबरोबरच मागून घ्यावे; खाते नियमित झाले की तो त्यास पात्र ठरतो. बँका येथे टाळाटाळ करतात, हे खरे. अशा वेळी नकार तोंडी न घेता लेखी मागावा आणि तो घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जावे.